शंभर बेड आणि एक लाल पेन

निवृत्त बँकवाल्याला नातेवाईक दोनच कामांसाठी फोन करतात. एक, फाटलेली नोट कुठे बदलून मिळेल. आणि दोन, 'एक छोटासा प्रोजेक्ट आहे, जरा नजर टाकता का?' सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी हयात घालवली. कुक्कुटपालन, शेळीपालन, ससेपालन, गांडूळखत, कोरफड अशा सगळ्या लाटा माझ्या टेबलावरून गेल्या. प्रत्येक अहवालात एक गोष्ट ठरलेली असायची. खर्च शेवटच्या रुपयापर्यंत मोजलेला आणि उत्पन्न गोल आकड्यात.

सध्या लाट अळिंबीची आहे. 'घरातल्या रिकाम्या खोलीतून महिन्याला भरघोस कमाई' असं सांगणारे व्हिडिओ दुपारच्या झोपेच्या वेळेलाच नेमके फोनवर येतात. आमच्या साडूंकडे रिकामी खोलीही होती आणि दुपारही. मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला गेला, त्याची दहा बाय दहाची खोली उरली. त्यात एक व्यायामाची सायकल होती, जिच्यावर टॉवेल वाळत. साडूंनी सायकल गॅलरीत काढली आणि वहीचं एक पान घेऊन माझ्याकडे आले.

पानावर मजकूर थोडाच होता. शंभर बेड. एका बेडला एक किलो अळिंबी. किलोला 300 रुपये. उत्पन्न महिना 30,000. खर्च 6,000. नफा 24,000. भांडवल 20,000. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, 'पहिल्याच महिन्यात वसूल.'

"अहो साहेब, एवढं सोपं गणित आहे. सांगा, चूक कुठे आहे?"

चूक बेरीज-वजाबाकीत नव्हती. बेरीज बरोबरच असते. माझ्या नोकरीत मी बुडालेल्या एकाही धंद्याची बेरीज चुकलेली पाहिली नाही.

साडूंनी धिंगरी निवडली होती, हे मात्र शहाणपणाचं. हॉटेलातल्या भाजीत असते ती पांढरी बटण अळिंबी नवशिक्याने घराच्या खोलीत करायची नसते. तिला कुजवून तयार केलेलं खास कंपोस्ट लागतं आणि थंडावा इतका लागतो की पुण्यात एसीशिवाय भागत नाही. धिंगरी, म्हणजे शिंपल्यासारखी दिसणारी, ती गव्हाच्या काडावर, भाताच्या पेंढ्यावर, सोयाबीनच्या कुटारावर येते. तिला साधारण 20 ते 28 अंश तापमान आणि ऐंशी-पंच्याऐंशी टक्के आर्द्रता पुरते. एवढं साडूंनी व्हिडिओत पाहिलं होतं. व्हिडिओत कॅलेंडर मात्र दाखवत नाहीत.

म्हणून मी लाल पेन प्रथम कॅलेंडरवर ठेवला.

बेड म्हणजे काय, तर भिजवून, गरम पाण्यातून काढून, निथळवलेलं काड प्लास्टिकच्या पिशवीत थराथराने भरायचं, प्रत्येक थरावर कडेकडेने बियाणं टाकायचं, तोंड रबराने बांधायचं आणि पिशवीला भोकं पाडायची. बियाणं म्हणजे स्पॉन; उकडलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली पांढरी बुरशी. भरलेला बेड अंधाऱ्या, बंद जागेत अठरा-वीस दिवस ठेवायचा. तेवढ्यात बुरशी काडभर पसरते आणि पिशवी आतून पांढरी होते. मग पिशवी फाडून काढायची, पाण्याची फवारणी सुरू करायची, हवा खेळती ठेवायची. चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसतात आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत पहिली काढणी येते. म्हणजे पंचविसाव्या दिवसाच्या आसपास. आठ-दहा दिवसांनी दुसरी काढणी, आणखी आठ-दहा दिवसांनी तिसरी. त्यानंतर बेड जागा अडवण्यापलीकडे काही करत नाही. खोली धुऊन, वाळवून पुढचे बेड ठेवेपर्यंत दोन महिने होतात.

"म्हणजे शंभर बेडचं उत्पन्न दोन महिन्यांचं. महिन्याला पन्नासच बेड धरा," मी म्हणालो.

साडूंनी 30,000 खोडून 15,000 केले. चेहरा अजून प्रसन्न होता. माणूस निम्म्यावर आला तरी प्रसन्न राहतो, हे कर्ज विभागाला ठाऊक आहे.

आता बेडमागे एक किलो. साडूंच्या हिशेबात एका बेडमध्ये एक किलो कोरडं काड होतं. एक किलो कोरड्या काडावर एक किलो ओली अळिंबी येत नाही असं नाही, येते. ज्याचा हात बसलाय त्याची, चांगल्या हंगामात, चांगल्या बियाण्यावर. नवशिक्याने पाचशे-सहाशे ग्रॅम धरावी. आम्ही सहाशे धरली. त्यातून खराब होणारे बेड वजा करायचे. साडूंच्या पानावर त्यांना रकानाच नव्हता. मी शंभरात पंधरा धरले, आणि पहिल्या खेपेला ते उदार मनाने धरावेत. आता महिन्याला पंचवीस किलो उरली.

बेड का खराब होतो? बहुतेक वेळा पाण्याने. काड निथळलं की मूठभर घेऊन घट्ट दाबायचं. पाणी टपकलं तर ते अजून ओलं आहे. तळहात नुसता दमट झाला तर बरोबर. साडूंना घाई होती. पहिल्या खेपेला त्यांनी मूठ दाबली, पाच-सहा थेंब पडले, आणि ते म्हणाले, "निथळेल पिशवीत." पिशवीत पाणी निथळून जाणार कुठे? ते तळाशी साचलं, पिवळं झालं, आणि आठव्या दिवशी खोलीचं दार उघडलं की आंबूस भपकारा येऊ लागला. तीन बेड गेले. दुसरा शत्रू हिरवा. पांढऱ्या बुरशीत पोपटी-हिरवी पूड दिसली की समजायचं, ट्रायकोडर्मा आला. काड नीट तापवलं नसलं, बियाणं शिळं असलं किंवा हात धुतले नसले की तो येतो. तसा बेड खोलीत उघडायचा नाही, तसाच उचलून बाहेर न्यायचा. साडू तो उघडून, फुंकर मारून बघत होते. पुढच्या आठवड्यात शेजारचे दोन बेडही हिरवे झाले.

काड निर्जंतुक करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पाण्यात कार्बेन्डाझिम आणि फॉर्मालिन घालून रात्रभर बुडवणं. यात गॅस लागत नाही, पण फॉर्मालिनचा वास जिन्यातून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत जातो. दुसरा, काड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी 80 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवणं. खळखळ उकळायचं नाही. आपल्याला काड शिजवायचं नसतं, त्यातली आगंतुक बुरशी मारायची असते. साडूंच्या घरी दुसरा मार्ग ठरला, कारण तिथला सेक्रेटरी आधीच लिफ्टवरून नाराज होता. बारा किलो कोरडं काड भिजल्यावर पस्तीस-चाळीस किलोचं होतं. ते तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममधून खोलीपर्यंत न्यायचं असतं, आणि वाटेत प्रत्येक टाइलवर काडाचं चहासारखं पाणी गळतं. न्हाणीची जाळी काडाने तुंबते. हा खर्च कुठल्याही अहवालात नसतो. आमच्याकडे त्याला प्लंबरचे 400 अशी नोंद आहे, आणि ती मेहुणीने स्वतःच्या अक्षरात केली आहे.

भांडवलाचं पान आम्ही दोघांनी मिळून केलं. लोखंडी रॅक 6,500. दोनशे लिटरचं पिंप 1,300. एक्झॉस्ट पंखा आणि खिडकीला बारीक जाळी मिळून 2,400. जाळी नसली तर चिलटं येतात, आणि ती बेडमध्ये अंडी घालतात. धुकं सोडणारं यंत्र 3,000. भिंतींना प्लास्टिक 1,500, कारण दोन महिने ऐंशी टक्के आर्द्रता म्हणजे भिंतीचा गिलावासुद्धा पीक देऊ लागतो. फवारणीचा पंप, पाण्याचा थर्मामीटर, आर्द्रता दाखवणारं घड्याळ आणि वजनकाटा असे 2,300. बेरीज 17,000. साडूंच्या अंदाजापेक्षा तीन हजारांनी कमी. इथे त्यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी पाहू दिलं. भांडवल कोणाचंच फारसं चुकत नाही. दुकानात किंमत लिहिलेली असते.

महिन्याचा चालू खर्च पन्नास बेडचा. काड पन्नास किलो, शहरात टेम्पोसकट 700. बियाणं बेडमागे शंभर ग्रॅम, म्हणजे पाच किलो, 500. ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी केंद्रासारख्या खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावं. पिशवीत दाणे पांढरेशुभ्र हवेत, पिवळं पाणी सुटलेलं नको. पिशव्या, रबर, कापूस 200. गॅस 600. वीज-पाणी 600. पॅकिंग 450. पोचवायला पेट्रोल 500. एकूण 3,550.

आता दर. किलोला 300 हा आकडा साडूंनी कुठून आणला? मॉलमधल्या डब्यावरून. दोनशे ग्रॅमचा डबा 60 रुपये, म्हणून किलो 300. पण मॉल तो डबा 60 ला विकतो, 60 ला घेत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने धिंगरी हातात घेतली, उलटी केली, पाहिली आणि म्हणाला, "काका, बटण असती तर दीडशेने घेतली असती. ही कोणी मागत नाही. एकशेतीस देतो, आणि उरली तर परत." स्वतः फिरून ओळखीपाळखीत विकली तर 240 मिळतात. बहुतेकांना धिंगरी चिरून कांद्यावर कशी परतायची ते समजावून सांगावं लागतं. काही मंडळी तिला मांसाहारात धरतात. सोसायटीतली दोन जैन कुटुंबं तर यादीतून आधीच वगळावी लागतात. श्रावणात मागणी वाढते, कारण मटण बंद झालेल्यांना दातांना काहीतरी लागतं. पण त्याच श्रावणात जे एरवी खातात त्यांतले निम्मे ती तामसी म्हणून सोडतात. मागणीचा आलेख मी काढायला घेतला होता, सोडून दिला.

खरी गंमत काढणीच्या दिवशी कळते. साडूंनी उत्साहाने पहिल्या खेपेला चाळीस बेड एकाच शनिवार-रविवारात भरले. एकाच दिवशी भरलेले बेड एकाच आठवड्यात तयार होतात, आणि एकूण उत्पन्नातला मोठा वाटा पहिल्याच काढणीत येतो. त्यामुळे चार दिवसांत अकरा किलो धिंगरी निघाली. धिंगरीला थांब म्हणता येत नाही. टोपीच्या कडा सरळ आहेत तोवर गुच्छ बुडाशी धरून पिळून काढायचा. कडा वर वळल्या की ती चिवट होते आणि पांढरे बीजाणू सोडू लागते. ते बीजाणू खोलीत बारीक पिठासारखे बसतात आणि फुप्फुसातही जातात. साडूंना तिसऱ्या दिवशी खोकला लागला तो तोंडाला मास्क बांधेपर्यंत गेला नाही. काढलेली धिंगरी भोकं पाडलेल्या पुडीत, फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. त्यानंतर ती ओलसर होते आणि तिला वास येतो.

चार दिवसांत अकरा किलो म्हणजे दोनशे ग्रॅमच्या पंचावन्न पुड्या. साडूंच्या व्हॉट्सअॅप गटात माणसं शंभरएक, पण त्यांतली साठ फक्त सुप्रभातवाली. बावीस पुड्या गेल्या. दहा भाजीवाल्याने घेतल्या, त्यातल्या तीन परत आल्या. बाकीच्या फ्रिजमध्ये. फ्रिजात दुधाला जागा उरली नाही. मला त्या आठवड्यात साडूंकडे तीन वेळा जेवायचं बोलावणं आलं. धिंगरीची भाजी, धिंगरीची भजी, धिंगरीचा रस्सा. "भावोजी, पोह्यात घालू का थोडी?" मेहुणीने विचारलं. मग पुढचे नऊ दिवस एकही पुडी नाही, आणि ज्यांना खरोखर आवडली होती ते फोन करून विचारत होते, "या आठवड्यात नाही का?"

वाळवून विकू, असं साडू म्हणाले. हे प्रत्येकजण म्हणतो. दहा किलो ओल्या धिंगरीची एक किलो वाळलेली होते. ती वाळलेली किलोला 800 ने गेली तरी ओल्या किलोला 80 च पडले, आणि गच्चीवर दोन दिवस कावळे हाकत बसण्याची मजुरी वेगळी. फेकण्यापेक्षा बरं, एवढंच.

तेव्हा पन्नास बेडचा महिना असा मांडला. पंचवीस किलोतली पंधरा किलो 240 ने, म्हणजे 3,600. आठ किलो भाजीवाल्याला 130 ने, 1,040. दोन किलो नातेवाईक, म्हणजे मी. एकूण 4,640. वजा 3,550. उरले 1,090 रुपये. त्यातच सकाळ-संध्याकाळची फवारणी, काढणी, पॅकिंग, पोचवणं मिळून दिवसाला दोन तास धरले तर तासाला अठरा रुपये पडतात. आणि बारा महिने गुणायचे नाहीत. मार्च ते मे पुण्यात पारा 38 च्या पुढे जातो आणि दुपारी हवा सुकते. कूलर आणि ओली पोती लावून बेड जगवता येतात, पण विजेचं बिल भरायला वेगळा धंदा काढावा लागतो. नऊ महिने धरा. जूनमध्ये सुरू केलं तर 17,000 पुढच्या वर्षीच्या मार्गशीर्षात वसूल.

साडू गप्प झाले. मग त्यांच्यातला जिद्दी माणूस जागा झाला. "पण विक्री सुधारली तर?"

हा प्रश्न विचारणारा कर्जदार मला नेहमी आवडायचा. कारण बेड वाढवून इथे फार काही होत नाही. बेड पसरवून होतं. शंभर बेड एकदम न भरता दर आठवड्याला बाराच भरायचे. तेवढंच काड पिंपात मावतं, तेवढंच कंबर उचलू शकते. आठ आठवड्यांनी खोलीत शंभराच्या आसपास बेड असतात, पण प्रत्येकाचं वय वेगळं. आठवड्याला सहा किलोच्या आसपास येत राहते. सहा किलो म्हणजे तीस पुड्या, आणि तीस पुड्यांना ठरलेली तीस घरं मिळू शकतात. महिन्याच्या पंचवीसपैकी वीस किलो 240 ने गेली, चार भाजीवाल्याला, एक घरात, तर 5,320 येतात. वजा तोच खर्च. 1,770 उरतात. बेड तेवढेच, काड तेवढंच, फक्त धिंगरी रांगेत आली.

याला एक अट आहे. कोवळ्या बेडला अंधार आणि बंद हवा लागते, फाडलेल्या बेडला उजेड, पाणी आणि खेळती हवा. हवा कोंडली तर धिंगरीचे देठ लांबच लांब होतात आणि टोप्या बटणाएवढ्याच राहतात. हे दिसलं की पंखा वाढवायचा. म्हणून खोलीच्या मधोमध जाड प्लास्टिकचा पडदा हवा, आणि काम करताना आधी कोवळ्या बाजूला जायचं, मग जुन्या बाजूला. उलट गेलात तर जुन्या बेडवरची हिरवी पूड नव्या बेडांकडे पाहुणी म्हणून पोचते. हा पडदा साडूंनी मुलाच्या जुन्या सुपरहीरोच्या पडद्यावर प्लास्टिक शिवून केला. त्यामुळे कोवळ्या बेडांवर आता एक वटवाघूळमाणूस पहारा देतो.

अशा वेळी कोणीतरी येतं आणि म्हणतं, आम्ही बियाणंही देतो, प्रशिक्षणही देतो आणि माल परत घेतो. साडूंकडेही एक गृहस्थ आले. किटचे 45,000, पुनर्खरेदीची हमी. मी विचारलं, "हमीचा दर किती, आणि माल कुठे आणून द्यायचा?" दर वाळलेल्या धिंगरीचा होता, आणि पोचवायचं होतं दुसऱ्या जिल्ह्यात, किमान पन्नास किलो. पन्नास किलो वाळलेली म्हणजे पाचशे किलो ओली. आमच्या पंचवीस किलोच्या खोलीला ती भरायला वीस महिने लागतील. गृहस्थांनी चहा घेतला आणि म्हणाले, "तुम्ही फार निगेटिव्ह आहात." बँकेतही लोक हेच म्हणायचे, फक्त चहा आम्ही पाजायचो.

वहीचं ते पान आता असं दिसतं. 24,000 च्या जागी 1,770. साडू रोज सकाळी मास्क बांधून पडद्याआड जातात, पाणी फवारतात, घड्याळात आर्द्रता पाहतात आणि बाहेर येऊन 'ब्याऐंशी' असं जाहीर करतात. मेहुणी त्यांना विचारते, ब्याऐंशी रुपये का? तीस घरांपैकी चोवीस मिळाली आहेत.

मात्र एका रकान्याचा अंदाज आम्हा दोघांचाही सपशेल चुकला. संपलेल्या बेडचं काड. ते फेकायचा खर्च मी 200 रुपये धरला होता. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ते गच्चीतल्या कुंड्यांना घातलं, त्यांच्या वांग्यांनी नाव काढलं, आणि आता मेहुणी ते महिनाभर गोणीत कुजवून पाच किलोची पिशवी 60 ला विकते. आधी पैसे, मग पिशवी. त्याला फ्रिज लागत नाही, रेसिपी सांगावी लागत नाही, श्रावण अडवत नाही, आणि यादीतून वगळलेली दोन्ही जैन कुटुंबंही घेतात. साडू त्याला धंदा मानायला तयार नाहीत. वहीत ती रक्कम 'इतर' या मथळ्याखाली, शक्य तितक्या बारीक अक्षरात लिहिलेली असते.